महामार्गाचा भराव, फर्मचं नाव आणि तुमचं मत

वाचकाचं पत्र :

"मी स्थापत्य अभियंता आहे, वय 35. कोल्हापुरातल्या एका खासगी कन्सल्टन्सीत बरीच वर्षं काम करते. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पुरात बुडतो. तो उंच करायचा तर भराव टाकून की पिलरवर, यावरून इथं वाद आहे. मी पिलरच्या बाजूची आहे. माझं माहेर प्रयाग चिखलीचं. 2019 आणि 2021 ला आमच्या घरात पाणी होतं. पूरग्रस्तांच्या बैठकीत मला बोलायला बोलावलंय आणि एका दैनिकानं लेखही मागितलाय. अडचण अशी, की आमच्या फर्मनं याच महामार्गाच्या एका टप्प्याचा सर्व्हे ठेकेदारासाठी केलाय आणि एका पुलाच्या डिझाइनचं टेंडरही भरलंय. सर म्हणाले, 'तुमचं मत तुमच्यापाशी, फर्मचं नाव कुठं यायला नको.' मी फर्मचं नाव घेणार नाही आणि खाली 'मतं वैयक्तिक आहेत' असं लिहीन. मसुद्यातली मुख्य वाक्यं अशी : 'शिरोलीत आणखी भराव पडला तर शहरात पुराचं पाणी फूटभर वाढेल. आमच्या सर्व्हेतही हेच दिसलं. ठेकेदाराला स्वस्त पडतं म्हणून भरावाचा हट्ट आहे.' एवढी काळजी पुरेशी आहे का? नोकरी सोडायची माझी तयारी नाही आणि गप्पही बसवत नाही."

उत्तर :

ताई, 'मतं वैयक्तिक आहेत' या ओळीवर तुम्ही फार भार टाकला आहे. त्या ओळीनं एवढंच कळतं, की या लेखासाठी फर्मला जबाबदार धरू नका. लेखातली माहिती कुठून आली, हे ती सांगत नाही; तुमचा या विषयात काही संबंध आहे का, हेही सांगत नाही. फर्मचं नाव लपवण्याबद्दल म्हणाल, तर कोल्हापुरात अभियंत्यांचं वर्तुळ लहान आहे. तुमचं नाव छापून आलं की तुम्ही कुणाकडे काम करता, हे दुपारच्या चहापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं.

म्हणून आधी हे डोळ्यांसमोर आणा : तुमचा लेख छापून येतो, लोकांना पटतो आणि दोन दिवसांनी कुणीतरी लिहितं, 'या बाईंच्या फर्मनं पुलाच्या डिझाइनचं टेंडर भरलंय, पिलरचा पूल झाला तर काम कुणाला मिळणार?' तुमच्या सरांना भीती आहे ती तुमच्या मतानं ठेकेदार आणि महामार्गाचे अधिकारी नाराज होतील याची. पण तुमचं मत फर्मच्या धंद्याची जाहिरात वाटू शकतं, हा दुसरा धोका तुम्हा दोघांच्याही लक्षात आलेला दिसत नाही. आणि फर्मच्या नावाला खरा डाग यातूनच लागतो. ग्राहक नाराज झाला तर एखादं काम जातं. संबंध लपवला असं दिसलं तर फर्मच्या पुढच्या प्रत्येक अहवालाकडे लोक संशयानं बघतात.

यावर उपाय म्हणजे संबंध आपणहून, लेखाच्या वरच सांगणं. टेंडर उघडेपर्यंत ते कुणी भरलंय हा तपशील बाहेर जाता कामा नये, तेव्हा तो तुम्ही लिहायचा नाही. शब्द साधारण असे ठेवा : 'लेखिका स्थापत्य अभियंता असून त्या ज्या फर्ममध्ये काम करतात ती रस्ते आणि पुलांची कामं करते, या महामार्गाशीही तिचा व्यावसायिक संबंध आहे. लेखातली मतं लेखिकेची स्वतःची आहेत आणि त्यासाठी फर्मकडची कोणतीही माहिती वापरलेली नाही.' नाव न घेताही हे सांगता येतं. मात्र शेवटचं वाक्य खरं असलं पाहिजे. आज ते खरं नाही, कारण तुमच्या मसुद्यातलं दुसरं वाक्य.

'आमच्या सर्व्हेतही हेच दिसलं.' हे वाक्य काढाच. तो सर्व्हे तुमचा नाही, फर्मचाही पुरता नाही. पैसे ठेकेदारानं दिलेत आणि बहुतेक करारांत ती माहिती गोपनीय ठेवण्याची अट असते. तुमच्या नेमणूकपत्रातही तशी ओळ असेल, आणि ती बऱ्याचदा नोकरी सोडल्यावरही लागू राहते. फर्मला कायद्याच्या कचाट्यात सापडवणारं या मसुद्यातलं हेच वाक्य आहे. ते अगदी खरं असलं तरी, आणि बैठकीत तोंडी बोललात तरी.

मग तुम्हाला ठाऊक असलेलं सगळं गिळून टाकायचं का? तसं नाही. तुम्ही तीन नात्यांनी बोलू शकता : चिखलीच्या पूरग्रस्त म्हणून, पाण्याचं शास्त्र शिकलेल्या अभियंता म्हणून आणि फर्मच्या आतल्या माणूस म्हणून. पहिल्या दोन नात्यांनी जेवढं बोलायचंय तेवढं बोला. तिसरं नातं लेखात आणि बैठकीत अजिबात नको. प्रत्येक वाक्यापुढे समासात लिहून बघा, हे मला कुठून कळलं? घरात शिरलेल्या पाण्यातून, पाठ्यपुस्तकातून, सरकारनं जाहीर केलेल्या आकड्यातून, की ऑफिसच्या फाइलमधून? चौथं उत्तर आलं की ते वाक्य जातं. तीच गोष्ट सरकारी कागदात मिळाली, तर त्या कागदाचा हवाला देऊन परत येऊ शकते. महामार्गाच्या त्या टप्प्याचा जलशास्त्रीय अभ्यास माहितीच्या अधिकारात मागता येतो. तुमच्या गावचं कुणीही तो अर्ज करू शकतं, आणि तुमच्या बाबतीत तसं झालेलं जास्त बरं. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. व्यावसायिक गोपनीयतेचं कारण देऊन काही भाग नाकारला जाऊ शकतो, पण पुलाखालून किती पाणी जाईल असं धरलंय आणि मोऱ्या किती ठेवल्यात, हे विचारण्यासारखं आहे.

आता पहिल्या वाक्याकडे. मी स्वतः पुलांच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून इथं थोडा थांबतो. 'पाणी फूटभर वाढेल.' हा फूट कुठून आला? नदीच्या पूरमैदानात आडवा भराव पडला की पाण्याची वाट आकसते आणि वरच्या बाजूला फुगवटा येतो, यात वाद नाही. शहर आणि चिखली भरावाच्या वरच्या बाजूला आहेत, हेही खरं. पण फुगवटा किती, हे वाट किती अडली आणि पाणी किती वेगानं वाहतंय या दोन्हींवर ठरतं, आणि वेगाचा परिणाम वर्गाच्या प्रमाणात असतो. तुम्ही शिकलेलं मोल्सवर्थचं सूत्र घ्या. पाण्याची एक तृतीयांश वाट अडली असं धरा. पाण्याचा वेग सेकंदाला 1 मीटर असेल तर फुगवटा येतो सुमारे 9 सेंटिमीटर. वेग 2 मीटर असेल तर तोच येतो सुमारे 30 सेंटिमीटर, म्हणजे तुमचा फूट. भराव तोच आणि अडलेली वाटही तेवढीच, तरी उत्तर तिपटीहून जास्त बदललं. आणि महापुरात पंचगंगा कशी असते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. खाली नृसिंहवाडीला कृष्णा भरलेली असली की पंचगंगेचं पाणी तुंबतं, पसरतं, संथ होतं. संथ पाण्यात भरावाचा फुगवटा कमी दिसतो. त्याचा त्रास होतो तो मुख्यतः पाणी ओसरताना, निचरा लांबतो म्हणून. शिवाय हे सूत्र पुलाजवळ आकसलेल्या प्रवाहासाठीचं आहे, पसरलेल्या पुरासाठी ते पुरेसं नाही. तिथं नदीचे छेद, पुराचा विसर्ग आणि दोन्ही काठांवरची पिकं-बांधकामं धरून मॉडेल चालवावं लागतं.

तुम्ही फूट लिहिलात, तर ठेकेदाराचा अभियंता बैठकीत उभा राहून हाच हिशोब मांडेल आणि तुमचं बाकीचं बरोबर बोलणंही वाया जाईल. तुमच्या फर्मचं नावही त्यात येईल, आणि तेही 'यांच्याकडचे अभियंते असे आकडे काढतात' अशा वाईट रीतीनं. एखाद्या अभियंत्याच्या मतानं मालकाचं नाव जितकं जात नाही, तितकं त्याच्या पोकळ आकड्यानं जातं.

त्याऐवजी असं लिहा : 'पूरमैदानातला भराव पाण्याची वाट अडवतो. वरच्या बाजूला पाणी किती चढेल आणि ओसरायला किती वेळ जास्त लागेल, हे मॉडेलशिवाय सांगता येत नाही. म्हणून भराव आणि पिलर या दोन्ही पर्यायांचा पुराचा अभ्यास 2019 आणि 2021 चा पूर धरून करावा, आणि तो काम सुरू होण्याआधी लोकांसमोर ठेवावा. दोन्ही पुरांत राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी 43 फुटांची आहे. माझ्या मते अशा ठिकाणी पिलरचा पर्याय जास्त सुरक्षित आहे.' यात तुमचं मत आहे आणि ते ठाम आहे. पाण्याच्या पातळ्या जाहीर आहेत. आणि तुमची मागणी अशी आहे, की तुमच्या फर्मलाही तिच्या विरोधात जाणं अवघड जावं.

चिखलीकरांना आणखी एक गोष्ट सांगता येईल. पूर असताना एकाच वेळी भरावाच्या दोन्ही अंगांना पाण्याची पातळी मोजली, किंवा पाणी ओसरल्यावर भिंतींवरच्या पुराच्या खुणा लेव्हल मशीन लावून एका संदर्भपातळीला आणल्या, की भरावानं किती पाणी अडलं ते थेट दिसतं. दोन्हीकडची पातळी जवळपास सारखी निघाली, तर त्या पुरात भरावाचा दोष कमी होता असंही मान्य करावं लागेल. हे तुम्ही आधीच बोलून दाखवलंत, तर तुमच्याकडे कुणी एका बाजूचा माणूस म्हणून बघणार नाही.

तिसरं वाक्य, 'ठेकेदाराला स्वस्त पडतं म्हणून'. पिलरपेक्षा भराव स्वस्त पडतो, हे सर्वसाधारणपणे बरोबर आहे आणि तेवढं लिहायला हरकत नाही. 'म्हणून हट्ट आहे' म्हटलं की तुम्ही कुणाच्या तरी मनातला हेतू सांगता, आणि तो सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामीला अपवाद आहेत; लोकहितासाठी मांडलेलं खरं विधान त्यात बसतं. पण दुसऱ्याच्या हेतूचा अंदाज खरा ठरवायचा तरी कसा? त्यात हा ठेकेदार तुमच्या फर्मचा ग्राहक. ज्याच्या पैशावर आपला पगार होतो त्याच्या हेतूबद्दल चारचौघांत बोलणं हे तुमच्या सरांना सर्वांत जास्त लागेल, आणि इथं मी त्यांच्या बाजूचा आहे. 'खर्च हा निर्णयातला मोठा मुद्दा असेल, तर पुरानं होणारं नुकसान आणि रस्ता बंद राहिल्याचं नुकसानही त्या हिशोबात धरावं,' असं लिहिलंत तर मुद्दा जास्त जोरकस होतो आणि कुणाच्या हेतूला हात लागत नाही.

आता सरांकडे येऊ. ते म्हणाले त्यात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत : फर्मची पत आणि ग्राहकाची मर्जी. पत जपणं तुमचं कर्तव्य आहे. ग्राहकाची मर्जी हा सरांच्या धंद्याचा प्रश्न आहे, त्याची तुम्ही कदर करावी, पण दोन्ही एक समजू नयेत. तुम्ही बहुतेक असं धरून चाललात, की सरांना न विचारता निभावलं तर बरं. मला ते पटत नाही. संविधानाच्या कलम 19 मधलं बोलण्याचं स्वातंत्र्य मुख्यतः सरकारपासून संरक्षण देतं. खासगी नोकरीत तुमचं आणि मालकाचं नातं कराराचं असतं. म्हणून आधी घरी बसून नेमणूकपत्र आणि फर्मचे लेखी नियम वाचा. 'वृत्तपत्रांशी बोलण्याआधी लेखी परवानगी' अशी अट असेल, तर परवानगी घ्यावीच लागेल. तशी अट नसेल, तर कळवणं पुरे, पण कळवाच.

कळवायचं म्हणजे जेवणाच्या सुट्टीत दाराशी उभं राहून नव्हे. अर्धा तास मागून घ्या, बदललेला मसुदा हातात द्या आणि काहीसं असं बोला : "सर, मी पूरग्रस्तांच्या बैठकीत बोलणार आहे आणि हा लेख देणार आहे. यात आपल्या सर्व्हेतलं काही नाही, ठेकेदाराबद्दल काही नाही. आपला या कामाशी संबंध आहे एवढं मात्र वर लिहिलंय, कारण ते नंतर दुसऱ्या कुणी काढलं तर आपल्याला जड जाईल. मतं माझी आहेत, ती बदलायला सांगू नका. पण माहितीत काही चूक असेल किंवा आपल्या करारात अडेल असं काही असेल, तर तेवढं सांगा." ही परवानगीची याचना नाही आणि धमकीही नाही. सरांना मताला हात लावू द्यायचा नाही, पण करारातली अडचण दाखवण्याचा हक्क त्यांना आहे. बोलणं झाल्यावर चार ओळींचा मेल पाठवून ठेवा : काय दाखवलं, काय ठरलं.

सर तरीही 'नको' म्हणाले, तर आधी कारण विचारा. टेंडरचा निकाल लागेपर्यंत थांबा, असं म्हणाले तर ते मला वाजवी वाटतं. बैठकीला जा, ऐका, लेख पुढे ढकला. कधीच बोलू नका म्हणाले, तर अभियंत्यांच्या स्थानिक संघटनेमार्फत दोन्ही पर्यायांचा तौलनिक अभ्यास मागणारं निवेदन देता येईल. तिथं तुम्ही अनेकांतल्या एक असता, आणि तांत्रिक प्रश्नावर संघटनेनं बोलणं रीतीला धरून आहे. टोपणनावानं लिहू नका. तुमची शैली, चिखलीचा उल्लेख आणि तांत्रिक शब्द यांवरून ओळख पटायला वेळ लागणार नाही, आणि मग तुमच्या बरोबर असलेल्या गोष्टीही चोरून केल्यासारख्या दिसतील.

एक अपवाद मात्र आहे. तुमच्या सर्व्हेत खरोखरच असं काही दिसलं असेल, की त्यातून लोकांच्या जिवाला धोका आहे आणि ते डिझाइन करणाऱ्यांपर्यंत पोचलेलं नाही, तर हा प्रश्न मताचा उरत नाही. लोकांची सुरक्षितता अभियंत्याच्या व्यवसायात सर्वांत आधी येते. ते सरांना लेखी कळवा, तारीख घालून, आणि उत्तर मागा. वर्तमानपत्रात जायची ती पहिली पायरी नव्हे, पण तोंडी सांगून विसरायचीही ती गोष्ट नाही. तुमच्या पत्रावरून तसं काही आहे असं मला वाटलं नाही. असेल, तर लेखाआधी हे करा.

छापणाऱ्यांशीही नीट बोलून घ्या. लेखाचं शीर्षक बहुधा वर्तमानपत्रच देतं, आणि 'महामार्गाचं काम करणाऱ्या अभियंत्याचाच इशारा' असं शीर्षक कुणालाही सुचेल. लेखासोबत लेखी कळवा, की ओळख 'स्थापत्य अभियंता, मूळ राहणार प्रयाग चिखली' एवढीच द्यावी, संबंधाची टीप वरच छापावी आणि शीर्षक एकदा दाखवावं. लेख घरच्या मेलवरून पाठवा. फर्मचं लेटरहेड, लॅपटॉप, ऑफिसची वेळ यांतलं काही वापरू नका. बैठकीला फर्मचं नाव असलेलं जाकीट घालून जाऊ नका. लेखाचं कात्रण व्हॉट्सअॅप स्टेटसला लावायचा मोह आवरा, कारण त्याच नंबरवर तुमचे ग्राहक आहेत. ठेकेदाराच्या माणसाला ते फर्मकडून आल्यासारखंच वाटेल.

बैठकीत बोलण्याचा व्हिडिओ निघणार आणि त्यातला अर्धा मिनिटच फिरणार. म्हणून संबंधाचा उल्लेख भाषणाच्या सुरुवातीलाच नव्हे, तर मत सांगताना त्याच दमात पुन्हा करा. तीन प्रश्न हमखास येतील. 'तुमच्या कंपनीचं म्हणणं काय?' 'ते कंपनीला विचारा, मी इथं माझ्या अभ्यासावरून बोलतेय.' 'तुमच्या सर्व्हेत काय निघालं?' 'त्या कामाबद्दल मी बोलू शकत नाही.' आणि 'अलमट्टीमुळंच पूर येतो ना?' याला 'तो आजचा माझा विषय नाही' असं म्हणून थांबा. अलमट्टीवर तुमचं मत असेलही, पण एका बैठकीत दोन वाद अंगावर घेतलेत तर बातमी भलत्याचीच होते.

अशीच पत्रं सरकारी नोकरांकडूनही येतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं वेगळं सांगतो. वर लिहिलेलं तुम्हाला जसंच्या तसं लागू नाही. तुम्हाला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 बांधतात आणि जुलै 2025 मध्ये राज्य सरकारनं समाजमाध्यमांच्या वापराबद्दल वेगळा शासन निर्णयही काढला आहे. त्यात सरकारच्या धोरणांवर टीका न करण्याची आणि वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवण्याची सूचना आहे. तुमच्यापैकी कुणी महापालिकेत किंवा जलसंपदा खात्यात असेल, तर 'मतं वैयक्तिक आहेत' ही ओळ तुम्हाला वाचवणार नाही. आतल्या टिपणीवर लेखी मत नोंदवणं हाच तुमचा भक्कम मार्ग. सहकारी बँक, साखर कारखाना किंवा खासगी कॉलेजात असणाऱ्यांना मात्र चिखलीच्या ताईंचाच हिशोब लागू पडतो : नेमणूकपत्र आधी वाचा, आणि संस्थेचे सभासद किंवा ग्राहक ज्या वादात एका बाजूला आहेत तिथं आपला संबंध आपणहून सांगा.

ताई, बैठक रविवारी असेल तर सरांशी बुधवारपर्यंत बोला. शनिवारी संध्याकाळी सांगितलंत तर ते अडवायलाच बघतील. आणि त्यांच्यापुढे मसुदा ठेवण्याआधी ती तीन वाक्यं बदललेली असू द्या.